आंट म्हणजे आत्या, मावशी, काकू की मामी? बेळगावकडच्या घरांसाठी एक उलगडा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या कितीतरी मराठी घरांत आज तीन भाषा एकत्र नांदतात. आजी-आजोबांशी मराठी, गल्लीत आणि कचेरीत कन्नड, आणि मुलांच्या शाळेत इंग्रजी. रोजच्या बोलण्यात याचा त्रास होत नाही, कारण समोर माणूस असतो आणि नातं माहीत असतं. अडचण येते ती लिहिताना. बेंगळुरूत वाढलेला भाऊ लग्नपत्रिकेसाठी इंग्रजीत यादी पाठवतो आणि चार बायकांच्या नावांपुढे सरळ 'आंट' लिहितो. वर्गात मुलाला इंग्रजी धड्याचं मराठी करायला सांगतात आणि तो प्रत्येक आंटची काकू करून मोकळा होतो. वारसाची नोंद करायला गेलं की इंग्रजी अर्जात आंट, कन्नड कागदावर अत्ते आणि घरच्यांच्या तोंडी आत्ती, आणि या तिन्ही शब्दांमागची बाई एकच असेल याची खात्री नसते.

इंग्रजीत आंट म्हटलं की आईच्या किंवा वडिलांच्या पिढीतली, त्या दोघांपैकी कुणाची तरी बहीण किंवा भावाची बायको एवढंच कळतं. मराठीला एवढ्यावर भागत नाही. तिला दोन गोष्टी हव्या असतात. नातं आईकडचं की वडिलांकडचं, आणि ते जन्मानं आलं की लग्नानं. वडिलांची बहीण आत्या, आईची बहीण मावशी, वडिलांच्या भावाची बायको काकू, आईच्या भावाची बायको मामी. आपल्या भागात आत्याला आत्ती म्हणतात, काकूला काकी, आणि तिसऱ्याच माणसाशी तिच्याबद्दल बोलताना चुलती. 'काकी, या की बसा' असं तोंडावर म्हणतो, पण 'माझी सख्खी चुलती वारली' असं सांगतो. त्यामुळे संवादात काकी आणि कागदावर चुलती हे आपोआपच बरोबर बसतं.

हे चार शब्द तर सगळ्यांना येतात. चुकतं ते शोधण्यात. इंग्रजी मजकुरात नुसती आंट असते आणि विचारायला कुणी असेल तर लोक विचारतात, 'ती तुझी कोण लागते?' त्यावर उत्तर पुन्हा 'आंट' असंच येतं. त्यापेक्षा विचारावं, ती तुझ्या आईची कोण? आपल्याकडे बाईला आपल्या बरोबरीच्या बायकांसाठी वेगवेगळी नाती आहेत आणि ती चारही आपल्या चार शब्दांवर नेमकी बसतात. आईची बहीण असेल तर मावशी. आईची नणंद असेल तर आत्या. आईची जाऊ असेल तर काकू. आईची भावजय असेल तर मामी. आईला हे विचारलं की ती क्षणभरही थांबत नाही, कारण नणंद कोण आणि जाऊ कोण हे ती लग्नाच्या दिवसापासून जाणून असते. मुलाला मात्र 'जन्मानं की लग्नानं' हा प्रश्न कळत नाही, तो गोंधळतो.

एक सावधगिरी मात्र हवी. आई तिला काय हाक मारते हे विचारू नये, ती कोण लागते हेच विचारावं. बऱ्याच घरांत थोरल्या जावेलाही वैनी म्हणतात आणि भावाच्या बायकोलाही वैनीच. हाकेवरून गेलात तर काकू आणि मामी यांची अदलाबदल होते. उलट दिशेची हाक जास्त कामाची असते. ती बाई तुमच्या आईला वैनी म्हणत असेल तर ती आईची नणंद, म्हणजे तुमची आत्या, नाहीतर धाकटी जाऊ, म्हणजे काकू. ती आईला वन्सं म्हणत असेल तर ती भावजय, म्हणजे मामी.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. इंग्रजीत अंकल आणि आंट जोडीनं येतात, आणि मराठीत लिहिणाऱ्याच्या हातून 'काका-काकू' उमटतं. यात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे मामा-मामीही अंकल-आंटच असतात. दुसरं जास्त फसवं आहे. मावशीच्या नवऱ्याला आपण बहुतेक घरांत काका म्हणतो, जुन्या पिढीत मावसा म्हणायचे. आत्याच्या नवऱ्याला शहरात काका म्हणतात, पण आपल्याकडे खेड्यात अजून मामा म्हणणारी घरं भरपूर आहेत, आणि कुठं कुठं आतोबाही ऐकू येतं. म्हणजे नवरा काका आहे म्हणून बायको काकू होत नाही, आणि नवरा मामा आहे म्हणून बायको मामी होत नाही. खरा काका वडिलांचा भाऊ असतो, त्याचीच बायको काकू. मावशीचा नवरा काका झाला तो मावशीमुळे, तिथं मावशी आधी आणि काका नंतर. म्हणून जोडी लिहायची तर आधी दोघांतलं रक्ताचं नातं कुणाचं आहे ते पाहावं, त्याचा शब्द पक्का करावा आणि मग जोडीदाराचा शब्द लावावा. मावशी आणि काका, आत्या आणि मामा, अशा जोड्या कानाला तिरक्या वाटल्या तरी घराघरांत त्या तशाच आहेत.

गोष्टीत आंटबरोबर नेफ्यू किंवा नीस आली असेल तर पडताळायला आणखी एक जागा मिळते. पुतण्या आणि पुतणी फक्त काकूला असतात. आत्या, मावशी आणि मामी या तिघींना भाचा आणि भाची. एका पानावर 'मावशीचा पुतण्या' आणि तो पुतण्या म्हणजेच गोष्ट सांगणारा, असं दिसलं की भाषांतर कुठंतरी सुटलं आहे हे नक्की समजावं.

आता आपल्या भागाचा खास गुंता, तो म्हणजे कन्नड अत्ते. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत तिचं अत्ती होतं आणि आपल्या आत्तीशी ते इतकं जुळतं की दोन्ही शब्द एकच आहेत असं वाटतं. पण कन्नड अत्ते म्हणजे वडिलांची बहीण, आणि मामाची बायकोही, आणि सासूसुद्धा. शेजारचं कन्नड पोर 'नम्म अत्ती बंदारे' म्हणालं तर आलेली बाई त्याची आत्या असेल किंवा मामी असेल. मराठी माणूस ऐकतो आत्या, कारण तोच आवाज त्याच्या कानात बसलेला असतो. दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये आईच्या बहिणीला आणि वडिलांच्या भावाच्या बायकोला एकच शब्द आहे. आईची थोरली बहीण किंवा वडिलांच्या थोरल्या भावाची बायको असेल तर दोड्डम्मा, आईची धाकटी बहीण किंवा वडिलांच्या धाकट्या भावाची बायको असेल तर चिक्कम्मा. बोलीत दोडव्वा आणि चिगव्वा. म्हणजे कन्नड मोठी-लहान हा भेद सांगते, पण मावशी की काकू हे सांगत नाही. आपल्या भागातल्या अनेक कन्नड घरांत काका, मामा हे शब्दही रुळलेत, तिथं काम सोपं होतं. नाहीतर दोड्डम्माचं मराठी करताना थोरली मावशी की थोरली काकू हे विचारूनच लिहावं लागतं. 'मोठी आई' असं शब्दाला शब्द लावून लिहिलं तर वाचणारा आणखी गोंधळतो, कारण काही मराठी घरांत थोरल्या काकूला मोठी आई म्हणतात आणि काही घरांत आजीला.

मग कन्नडनं चौघींचे दोनच गट का केले? हे कळलं तर आपल्याच घरातले अवघड गुंते सुटतात, म्हणून इथं जरा थांबू.

समजा दोन घरं आहेत, एक येळ्ळूरचं आणि एक खानापूरचं. दोन्ही घरांत एक मुलगा, एक मुलगी. येळ्ळूरच्या मुलाचं लग्न खानापूरच्या मुलीशी झालं आणि येळ्ळूरची मुलगी खानापूरच्या मुलाला दिली. याला आपण साटंलोटं म्हणतो. आता येळ्ळूरच्या जोडप्याला मूल झालं. त्याच्या वडिलांची बहीण ही त्याची आत्या. पण तीच त्याच्या आईच्या भावाची बायको, म्हणून मामी. आत्या आणि मामी एकच बाई. आता दुसरं लग्न धरा. दोन सख्ख्या बहिणी दोन सख्ख्या भावांना दिल्या आणि एकाच घरात जावा म्हणून नांदू लागल्या. त्यांच्या मुलांना आईची बहीण ही मावशी, आणि तीच वडिलांच्या भावाची बायको, म्हणजे काकू. मावशी आणि काकू एकच बाई.

कन्नडमध्ये नेमक्या याच जोड्या एका शब्दाखाली येतात. आत्या-मामी मिळून अत्ते, मावशी-काकू मिळून दोड्डम्मा किंवा चिक्कम्मा. जिथं दोन घरांत पिढ्यान् पिढ्या मुली देणं-घेणं चालतं तिथं या नात्यांत वेगळेपणच उरत नाही, आणि दक्षिणेतल्या भाषांची नाती याच ठशावर बसलेली आहेत. सासूलाही अत्ते का, तेही यातूनच कळतं. मामाची मुलगी केली तर मामीच सासू होते. आत्याच्या मुलाशी लग्न झालं तर आत्याच सासू. उत्तरेकडे असं लग्न चालत नाही, म्हणून तिथं प्रत्येक नात्याला स्वतंत्र शब्द. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थांची मांडणी केली तेव्हा महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं, ते याच कारणानं पटतं. आपल्याकडे शब्द उत्तरेसारखे चार वेगवेगळे आहेत, पण मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत आहे.

तिच्या खुणा आपल्या बोलण्यात आजही आहेत. मामाची मुलगी आत्याच्या घरी सून म्हणून जाते, म्हणून आपल्या भागातल्या सुना सासूला आत्ती किंवा आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामंजी. ज्यांचं आधी काही नातं नव्हतं अशा सुनाही तसंच म्हणतात. त्यामुळे 'आत्ती' हा शब्द मराठी तोंडातून आला तरी तो आत्याचाच असेल असं धरून चालत नाही. तेव्हा क्रियापदाकडे पाहावं. 'आत्ती आली' म्हणाली तर बहुधा माहेरची आत्या, 'आत्ती आल्या' म्हणाली तर बहुधा सासू. आत्या आणि मावशी या जन्माच्या नात्याच्या, त्यांना 'अगं आत्ती, ये की' असं म्हणता येतं. काकू आणि मामी लग्नानं घरात आलेल्या, त्यांना बऱ्याच घरांत अहो-जाहो करतात. इंग्रजी संवादाचं मराठी करताना हे फार उपयोगाला येतं, कारण तिथं 'यू' एकच असतं आणि लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं की पोर आंटला तू म्हणेल की तुम्ही.

आता पत्रिकेचं उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. वर सांगितलेल्या यादीत नवरीच्या धाकट्या भावानं चार आंट लिहिल्या आहेत. ओळखीसाठी गावाचं नाव आहे: निपाणी, खानापूर, येळ्ळूर, धारवाड. घर येळ्ळूरचं. नवरीच्या आईला फोन लावला आणि एकेकीबद्दल विचारलं, ही तुमची कोण?

निपाणीची? 'माझी थोरली नणंद.' संपलं, ती आत्या.

धारवाडची? 'माझी बहीणच म्हणायची. माझ्या चुलत्याची मुलगी.' म्हणजे आईची चुलतबहीण. नवरीला ती चुलत मावशी, आणि पत्रिकेवर नुसती मावशी. आईची कुठलीही बहीण, मग ती सख्खी असो, चुलत असो, मावस असो, मामे असो की आते, पुढच्या पिढीला मावशीच. वडिलांची कुठलीही बहीण आत्याच. चुलत, मावस हे शब्द लांबी सांगायला पुढं लावायचे, जात बदलायला नाही. इंग्रजीतल्या कझिन शब्दामुळे मुलं इथं अडखळतात. आईची कझिन म्हणजे आंट नव्हेच असं त्यांना वाटतं, आणि मग ती 'काकू' होऊन जाते.

खानापूरची? इथं आई जरा हसते. 'ती माझी नणंदही आहे आणि भावजयही.' म्हणजे साटंलोटं. नवरीच्या वडिलांची धाकटी बहीण खानापूरला नवरीच्या मामाला दिली आहे. आत्या आणि मामी दोन्ही खरं.

येळ्ळूरची, म्हणजे घरातलीच? 'ती माझी पाठची बहीण. आणि जाऊ.' मावशी आणि काकू दोन्ही खरं.

या दोघींचं काय लिहायचं? यादीत एकटीचं नाव येत असेल तर जन्माचं नातं आधी घ्यावं, म्हणजे खानापूरची आत्या आणि येळ्ळूरची मावशी. याला कारण आहे. खानापूरची बाई या घरातच जन्मली. तिचं लग्न दुसरीकडे झालं असतं तरी ती आत्या राहिलीच असती. मामीपण मात्र या एका लग्नानं आलं. तसंच येळ्ळूरच्या बाईचं मावशीपण तिच्या लग्नाआधीचं आहे.

पण पत्रिकेत आणखी एक जागा असते, ती म्हणजे मामाची. लग्नात मामाला मान असतो, मुहूर्ताला मुलीला मांडवात मामाच घेऊन येतो. तिथं जोडीनं नाव छापायचं तर 'मामा-मामी' असंच जाईल. त्या ओळीत खानापूरच्या बाईला आत्या म्हटलं तर मामाची ओळच मोडते. म्हणजे एकाच पत्रिकेत तीच बाई आत्यांच्या रांगेत आत्या आणि मामाशेजारी मामी अशी दोनदा आली तर चूक नाही. नाव दोनदा नको असेल तर मामाशेजारी ठेवावं, कारण तिथून ते काढता येत नाही.

येळ्ळूरच्या बाईचं मात्र घरातल्या रिवाजानं ठरवावं. पोरं जन्मल्यापासून तिला काकी म्हणत आली असतील तर नियमाच्या नावाखाली पत्रिकेवर तिला मावशी करू नये. घरातली हाक हा सगळ्यात पक्का पुरावा. नियम लावायचा तो हाक माहीत नसेल तेव्हा. या घरात मुलं तिला मावशीच म्हणतात, कारण आई तिला बहीण म्हणूनच हाक मारत आली आणि मुलांनी आईचं ऐकलं. असं पुष्कळदा होतं.

पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांच्या तोंडची ओळ असते, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' इथं आंट म्हणजे खुद्द नवरी. तिच्या भावाच्या मुलांना ती आत्या, बहिणीच्या मुलांना ती मावशी. सगळ्या पोरांची नावं एका ओळीखाली लावली की अर्ध्या पोरांचं नातं चुकतं. या नवरीला थोरल्या भावाची मुलगी आहे आणि थोरल्या बहिणीचा मुलगा. दोन ओळी कराव्यात, भावाच्या मुलीच्या नावावर 'आत्याच्या' आणि बहिणीच्या मुलाच्या नावावर 'मावशीच्या'. छापखान्यात तयार नमुना असतो आणि त्यात एकच ओळ असते, म्हणून तपासायचा कागद हातात आला की ही ओळ मुद्दाम वाचून घ्यावी. नवरदेवाच्या पत्रिकेत हाच फरक काका आणि मामा असा येतो.

गोष्टीत किंवा धड्यात मात्र फोन लावायला आई नसते. मग मजकुरातल्या खुणा शोधायच्या. आंटचं लग्नाआधीचं आडनाव आणि गोष्ट सांगणाऱ्या मुलाच्या वडिलांचं आडनाव एक असेल तर आत्या. ती आणि आई लहानपणी एका घरात वाढल्या असतील तर मावशी. आजोळच्या घरात ती सून म्हणून वावरत असेल तर मामी. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणारी आंट आपल्या मातीतल्या गोष्टीत आत्याच, कारण तो मान तिचा. आणि काहीच खूण नसेल, नातं पुढं कुठं कामालाही येत नसेल, तर काकू लिहिणं त्यातल्या त्यात निभावतं, कारण परक्या बाईलाही आपण काकू म्हणतो. परकीसाठीच आंटी आली असेल तर शेजारच्या घरच्या बाईला काकू, बाजारात भाजी घेऊन बसलेल्या वयस्क बाईला मावशी किंवा आक्का. परक्या बाईला आत्या मात्र आपण म्हणत नाही.

राहिला कागद, आणि तिथं हिशेब थोडा उलटा होतो. आजोबा मृत्युपत्र न करता गेले आणि वारसांची नोंद करायची असली की महसूल खात्याकडे वंशवृक्ष द्यावा लागतो. तो कन्नडमध्ये असतो, माहिती घरचे मराठीत सांगतात, आणि बाहेरगावचा नातू ती इंग्रजीत पाठवतो. अशा कागदात आंट हा शब्द धोक्याचा, कारण चार आंटचे हक्क चार तऱ्हेचे आहेत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगी ही वडिलांची पहिल्या वर्गाची वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क दिला. म्हणजे वडिलांकडच्या आजोबांच्या मिळकतीत आत्या स्वतःच वारस आहे, तिचं लग्न होऊन किती वर्षं झाली याचा प्रश्न येत नाही. काकू वारस होते ती तिचा नवरा आजोबांच्या आधी गेला असेल तर, मयत मुलाची विधवा म्हणून. मावशीला आणि मामीला त्या नात्यानं इथं काही मिळत नाही, त्यांचा संबंध आईच्या माहेरच्या मिळकतीशी.

आपल्या उदाहरणातल्या दोघी इथं पुन्हा तपासून पाहाव्या लागतात. खानापूरची बाई पत्रिकेवर मामी म्हणून छापली असली तरी येळ्ळूरच्या वंशवृक्षात ती आजोबांची मुलगी आहे, आणि मामी म्हणून तिला गाळलं तर एक वारस कागदातून नाहीशी होते. पुढं वाटणी अडते ती अशा गाळलेल्या नावांवर. येळ्ळूरची बाई घरात मावशी असली तरी या कागदाला तिचं मावशीपण लागू नाही, तिची जागा चुलती म्हणून, तीही नवरा हयात नसेल तरच. म्हणून कागद भरताना आंट, अत्ते, आत्ती यातलं काहीच लिहू नये. ज्यांची मिळकत आहे त्यांच्यापासून नातं मोजावं आणि तसंच लिहावं: आजोबांचं नाव आणि 'यांची मुलगी', किंवा 'यांच्या मयत मुलाची पत्नी'. कन्नडमध्ये उतरवून घेणाऱ्यालाही हेच सांगावं, म्हणजे अत्तेमुळे आत्याची मामी होत नाही. आणि सही करण्याआधी तयार झालेला कन्नड कागद, कन्नड वाचता येणाऱ्या घरच्याच कुणाकडून, एकेक नाव बोट ठेवून वाचून घ्यावा.